अथणीच्या चपला, पन्नास ओळी आणि ‘सात ऑगस्ट’ नंबरची साईज: कॅटलॉग फाईल कशी भरावी

प्रश्न: मी निपाणीचा. माझे मामा अथणीत चामड्याच्या चपला बनवतात, पाच डिझाईन आहेत. ऑनलाईन विकायला ठेवायच्या म्हणून मार्केटप्लेसची एक्सेल फाईल उतरवून ५० ओळी भरल्या. अपलोड केली तर ४१ एरर. साईजच्या रकान्यात 7-8 लिहिलं होतं त्याचं 07-Aug झालंय, बारकोड 8.90E+12 दिसतोय, रंग ‘इनव्हॅलिड’ म्हणतंय, फोटो येत नाहीत. ज्या नऊ ओळी गेल्या त्या नऊ वेगवेगळ्या चपला म्हणून दिसतायत, एका चपलेखाली सगळ्या साईज येत नाहीत. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

दादा, ४१ चा आकडा बघून ती फाईल पुसत बसू नका. तुमच्या वर्णनावरून त्यामागे चारच कारणं दिसतात आणि त्यातली दोन एक्सेलने परस्पर केलेली आहेत. मी बेळगावात बारा वर्षं हेच काम करतोय, आधी शहापूरच्या साड्यांचं आणि आता निपाणी, अथणी, मदभावीकडच्या चपलांचं. पहिल्या फाईलला असा रिपोर्ट जवळपास प्रत्येकाला येतो. मात्र खरी अडचण एररच्या आधीची आहे. तुम्ही मार्केटप्लेसच्या साच्यातच थेट माल मांडायला बसलात. साचा त्यांच्या सोयीचा असतो. मामांच्या मालाची मोजदाद तुमच्या स्वतःच्या वहीत आधी नीट झाली नसेल, तर साच्यात दुरुस्ती करकरून माणूस थकतो आणि चूक तिथेच राहते.

एक गोष्ट आधीच सांगतो. रकान्यांची नावं, कोणते सक्तीचे आणि यादीत कोणते शब्द चालतात हे मार्केटप्लेसप्रमाणे बदलतं, आणि एकाच मार्केटप्लेसवर पुरुषांच्या आणि बायकांच्या चपलांचा साचासुद्धा वेगळा असू शकतो. साचा दर वेळी नव्याने उतरवा, मित्राने दिलेली गेल्या वर्षीची फाईल वापरू नका. मी खाली रकान्यांची जी नावं देतोय ती ॲमेझॉनच्या जुन्या साच्यातली आहेत, कारण ती वाचून अर्थ लगेच कळतो. तुमच्या साच्यात नाव वेगळं असेल, काम तेच असेल.

आता साईजकडे येऊ, कारण तुमच्या फाईलची मुख्य गाठ तिथेच आहे.

एक्सेलला 7-8 दिसलं की ती तारीख वाटते. आपल्याकडच्या सेटिंगमध्ये दिवस आधी, महिना नंतर, म्हणून सात ऑगस्ट. मग आपण घाबरून तो रकाना ‘टेक्स्ट’ करतो आणि तिथे `45876` असा काहीतरी आकडा उगवतो. तो २०२५ मधल्या सात ऑगस्टचा एक्सेलमधला अनुक्रमांक आहे. म्हणजे तुम्ही लिहिलेलं 7-8 पुसलं गेलेलं असतं, फॉरमॅट बदलून ते परत येत नाही, पुन्हा लिहावंच लागतं. उपाय एवढाच की काही लिहिण्याआधी रकाना निवडून ‘टेक्स्ट’ करायचा आणि मग भरायचा. आधी भरून नंतर टेक्स्ट करण्यात काही अर्थ नाही.

पण समजा तारीख झाली नसती, तरी 7-8 ही साईज अडलीच असती. साच्यात साईजची ठरलेली यादी असते, त्यात एक ओळ म्हणजे एक नंबर. तुम्ही 7-8 का लिहिलंत ते मी ओळखतो. मामा फर्म्यावरून तळ कापतात, सात नंबरवाल्यालाही बसतं, आठवाल्यालाही बसतं, शिवाय नैसर्गिक कमावलेलं चामडं वापरून थोडं सैल होतं. बाजारात गिऱ्हाईक समोर पाय घालून बघतं म्हणून हे चालून जातं. ऑनलाईन गिऱ्हाईक पुण्यात किंवा दिल्लीत बसलेलं असतं आणि त्याला फक्त एक नंबर दिसतो. परत येणाऱ्या चपलांचं सगळ्यात मोठं कारण मी तरी हेच पाहिलंय.

म्हणून अथणीला जा आणि एक स्टीलची पट्टी घेऊन बसा. प्रत्येक डिझाईनच्या प्रत्येक मापाची एक चप्पल घ्या आणि तळाच्या आतल्या बाजूने, टाचेच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा. आपल्याकडचा नंबर हा ब्रिटिश मापाचा असतो आणि त्यात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. मामांच्या दोन फर्म्यांत साडेआठ मिलिमीटरच्या आसपास फरक निघाला तर ते दोन खरे नंबर आहेत. तीन-चार मिलिमीटरच निघाला तर ते एकच माप आहे, दोन नावांनी ओळखलं जाणारं. मग घरातल्या, शेजारच्या चार-पाच माणसांना, ज्यांच्या बुटाचा नंबर पक्का माहीत आहे अशांना, घालायला द्या आणि ठरवा की हे माप फाईलमध्ये ७ म्हणून जाणार की ८ म्हणून.

एकदा ठरलं की तो साठा त्याच एका नंबरखाली दाखवा. इथे एक मोह होतो: बारा जोड्या सातमध्येही लिहायच्या आणि आठमध्येही, म्हणजे दोन्ही गिऱ्हाईकं मिळतील. फाईलच्या हिशेबाने मग तुमच्याकडे चोवीस जोड्या झाल्या. तेरावी ऑर्डर आली की रद्द करावी लागते, आणि विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरी खात्यावर डाग म्हणून राहतात. जोडीचंही तेच. साठ्याच्या रकान्यात जोडी मोजायची, पाय नव्हे. हसू नका, वीस जोड्यांचे चाळीस नग भरलेली फाईल माझ्यासमोर एकदा नव्हे, तीनदा आली आहे.

या मोजमापातून तुमची मूळ वही तयार होईल. ती वेगळ्या एक्सेल फाईलमध्ये ठेवा, मार्केटप्लेसच्या साच्याशी तिचा संबंध नको. रकाने मराठीत असले तरी चालतील: डिझाईन, रंग, नंबर, तळाची लांबी, एका जोडीचं डब्यासकट वजन ग्रॅममध्ये, डब्याची लांबी-रुंदी-उंची, साठा, एमआरपी, विक्रीची किंमत, फोटोचं नाव. एक ओळ म्हणजे कपाटातला एक खण, ज्यात हात घातला की एकाच रंगाची आणि एकाच नंबरची जोडी निघते. ही व्याख्या पक्की धरली तर पुढचं बरंच आपोआप सुटतं.

प्रत्येक खणाला एक कोड लागतो, त्यालाच एसकेयू म्हणतात. तो तुम्हीच ठरवायचा आणि एकदा ठरवला की आयुष्यभर बदलायचा नाही, कारण मार्केटप्लेस त्या कोडवरूनच ओळखते की ही जुनीच ओळ दुरुस्त करायची की नवी चप्पल मांडायची. कोड बदलून पुन्हा अपलोड केलं तर जुनी चप्पल तशीच राहते आणि शेजारी दुसरी उभी राहते. कोड वाचून माल कळला पाहिजे आणि सुरुवात अक्षराने झाली पाहिजे. नुसते आकडे असले तर `007` चं एक्सेल `7` करतं. आकड्यांच्या मध्ये इंग्रजी E आला, जसं `12E5`, तर त्याला तो मोठी संख्या समजतो आणि `1.20E+06` करून टाकतो. मी गाव, डिझाईन, रंग, नंबर या क्रमाने कोड करतो. वहीत B रकान्यात रंगाचा संक्षेप आणि C मध्ये नंबर असेल तर हे सूत्र पुरतं, आणि दुसऱ्या ओळीने तोच कोड दोनदा आलाय का ते कळतं, उत्तर १ च यायला हवं:

```
="ATH-KPS-"&B2&"-"&TEXT(C2,"00")
=COUNTIF(A:A,A2)
```

आता तुमच्या नऊ चपला नऊ ठिकाणी का दिसतायत ते बघू. साच्यात ‘पेरेंट’ आणि ‘चाइल्ड’ असे दोन प्रकारच्या ओळी असतात. पेरेंट ही विकायची वस्तूच नाही. ती दुकानावरची पाटी समजा: ‘कापशी चप्पल, पुरुषांची’. पाटीला किंमत नसते, साठा नसतो, नंबर नसतो. तिच्याखाली ज्या खऱ्या जोड्या येतात त्या चाइल्ड. प्रत्येक चाइल्ड ओळीत ती कोणत्या पाटीखाली बसते ते लिहावं लागतं. तुम्ही पाटीची ओळच भरलेली नसणार, म्हणून प्रत्येक जोडी सुटी उभी राहिली.

एक डिझाईन पूर्ण मांडून दाखवतो. कापशी, दोन रंग, नॅचरल आणि गडद तपकिरी, नंबर ६ ते १०. दोन गुणिले पाच म्हणजे दहा चाइल्ड, वर एक पेरेंट, एकूण अकरा ओळी. पाचही डिझाईन अशीच असतील तर तुमची फाईल ५० नव्हे, ५५ ओळींची व्हायला हवी होती. पहिल्या तीन ओळी अशा:

```
item_sku        parent_child  parent_sku  size_name  color_name
ATH-KPS         Parent
ATH-KPS-NAT-06  Child         ATH-KPS     6 UK       Natural
ATH-KPS-NAT-07  Child         ATH-KPS     7 UK       Natural
```

यासोबत `relationship_type` मध्ये चाइल्ड ओळींना `Variation` लिहायचं, आणि `variation_theme` मध्ये साईज आणि रंग दोन्हींवर फरक आहे असं सांगणारा पर्याय यादीतून निवडायचा. हा पर्याय पेरेंटला आणि दहाही चाइल्डना अक्षर न अक्षर सारखा हवा. पेरेंटच्या नावात साईज किंवा रंग घालू नका. आणि पेरेंटची ओळ नेहमी आपल्या चाइल्डच्या वर ठेवा. पेरेंटच्या ओळीत एक सक्तीचा रकाना जरी रिकामा राहिला तरी पाटी उभी राहत नाही आणि तिच्या जीवावरच्या दहाही ओळींना एरर येतो. तुमच्या ४१ पैकी बरेच असेच एकातून दुसरे निघालेले असतील. म्हणून रिपोर्ट वाचताना आधी फक्त पेरेंटच्या ओळी दुरुस्त करतो आणि पुन्हा अपलोड करतो. चाइल्डच्या चुका त्यानंतर ज्या उरतात त्याच खऱ्या.

रंगाचं कोडं सोपं आहे. साच्यात बहुधा रंगाचे दोन रकाने असतात. एकात तुम्ही तुमचं नाव देऊ शकता, `Natural` किंवा `Tan`. दुसरा, `color_map`, गाळणीसाठी असतो, म्हणजे गिऱ्हाईकाने ‘ब्राऊन’वर टिचकी मारली की कोणत्या चपला दाखवायच्या ते ठरवायला. त्यात फक्त त्यांच्या यादीतलेच शब्द चालतात. फाईलमध्ये खाली `Valid Values` नावाची शीट असते, तिथून शब्द उचला, हाताने टाईप करू नका. टाईप करून बरोबर दिसणारा शब्दही अडतो, कारण शेवटी एक रिकामी जागा चिकटलेली असते. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात तर अशी जागा असते जी एक्सेलचं `TRIM` सुद्धा काढत नाही. मी अशा रकान्यांवर हे चालवतो:

```
=TRIM(CLEAN(SUBSTITUTE(D2,CHAR(160)," ")))
```

यातलं `CLEAN` आणखी एका कामाला येतं. वर्णन लिहिताना आपण सेलमध्ये ऑल्ट-एंटर मारून नवी ओळ घेतो. फाईल टॅबने तोडलेल्या टेक्स्ट स्वरूपात जाणार असेल तर त्या नव्या ओळीमुळे पुढचे रकाने गडबडू शकतात आणि किंमतीच्या जागी वर्णनाचा तुकडा येतो. एरर मग किंमतीचा दाखवतो आणि माणूस तिथेच शोधत बसतो. सूत्राने आलेला मजकूर साच्यात नेताना ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त ‘व्हॅल्यूज’ चिकटवा. साधं पेस्ट केलं तर साच्यातले ड्रॉपडाऊन पुसले जातात. आणि साच्याच्या वरच्या शीर्षकांच्या ओळींना हात लावू नका, रकाना नको असेल तर लपवा, डिलीट करू नका.

बारकोडचं काय. 8.90E+12 दिसणं ही खरं तर दिसण्याची गोष्ट आहे. रकाना टेक्स्ट नसेल तर तेरा आकडी संख्या एक्सेल आखडून दाखवतं, आत आकडे शाबूत असतात. पण तशाच अवस्थेत फाईल सीएसव्ही म्हणून साठवली तर जे दिसतं तेच लिहिलं जातं. पुन्हा उघडलीत की बारकोड `8900000000000` झालेला असतो, शेवटचे आकडे कायमचे गेले. तेव्हा हा रकानाही आधी टेक्स्ट करून मग भरायचा.

मात्र माझा तुम्हाला प्रश्न वेगळाच आहे: मामांच्या हातच्या चपलेला बारकोड आला कुठून? कुणाकडून ऑनलाईन स्वस्तात घेतला असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या डब्यावरचा उतरवला असेल, तर तो काढून टाका. ८९० ने सुरू होणारे नंबर जीएस१ इंडिया देते आणि ते एका कंपनीच्या नावावर नोंदलेले असतात. मार्केटप्लेस ती नोंद ताडून बघू शकते, आणि नंबर दुसऱ्याच्या नावावर निघाला तर तुमची चप्पल त्याच्या मालाला जाऊन चिकटते किंवा लिस्टिंगच बंद होतं. हातमालाला बारकोडमधून सूट मिळते. ती फाईल भरण्याआधी विक्रेत्याच्या खात्यातून मागायची असते, अर्जात चपलेचे आणि पॅकिंगचे सगळ्या बाजूंचे फोटो लागतात. सूट ज्या ब्रँडच्या नावाने आणि ज्या कॅटेगरीसाठी मिळाली, फाईलमध्ये ब्रँडचं नाव अक्षरशः तेच हवं. अर्जात `Athani Craft` आणि फाईलमध्ये `Athani Crafts` लिहिलंत की सूट लागू होत नाही आणि पुन्हा बारकोड मागायला लागतं. स्वतःचा ब्रँड नसेल तर `Generic` या नावाने सूट मागतात.

फोटो न येण्याचं कारण मी न बघता सांगतो, गुगल ड्राइव्हची शेअर लिंक दिली असणार. ती लिंक फोटोची नसते, फोटो दाखवणाऱ्या पानाची असते. यंत्राला सरळ चित्र हवं असतं. लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कुठल्याही खात्यात लॉगिन न करता उघडून बघा. कोऱ्या खिडकीत फक्त चित्र दिसलं, भोवती बटणं नाहीत, तर ती चालेल. बहुतेक मार्केटप्लेस हल्ली त्यांच्याच खात्यात फोटो चढवून लिंक घ्यायची किंवा एसकेयूच्या नावाने फोटो टाकायची सोय देतात, ती वापरणं उत्तम. मुख्य फोटोची पार्श्वभूमी पांढरीशुभ्र, मोठी बाजू किमान हजार पिक्सेल, त्यावर फोन नंबर नाही, दुकानाचा शिक्का नाही. नॅचरल रंगाचे फोटो नॅचरलच्याच पाच ओळींना द्या. तपकिरीच्या ओळीत नॅचरलचा फोटो गेला तर एरर येत नाही, थेट गिऱ्हाईकाची तक्रार येते.

हाच मुद्दा मला सगळ्यात कळकळीने सांगायचा आहे. रिपोर्टमध्ये जे लाल दिसतं ते निभावता येतं. फाईलची खरी हानी होते ती हिरव्या ओळींत, जिथे सगळं ‘सक्सेस’ म्हणून जातं आणि आत आकडा चुकीचा असतो.

काही वर्षांपूर्वी शहापूरच्या एका विणकराच्या साड्यांची फाईल माझ्याकडे होती, शंभरावर ओळी. किंमती चढत्या क्रमाने बघाव्यात म्हणून मी फक्त किंमतीचा रकाना निवडला आणि सॉर्ट केलं. एक्सेल अशा वेळी विचारतं, `Expand the selection` की `Continue with the current selection`. रात्रीचे अकरा वाजले होते, मी दुसरं दाबलं. किंमती सरकल्या, बाकीची ओळ जागेवर राहिली. फाईल एकही एरर न येता गेली. सकाळी २,४०० रुपयांची साडी ६४० ला दिसत होती आणि तिच्यावर सात ऑर्डरी आल्या होत्या. तीन तोट्यात पाठवल्या, चार रद्द केल्या. रद्द केलेल्या चारांचा परिणाम त्या खात्यावर पुढे काही आठवडे राहिला आणि त्या घरातल्या बाईंनी मागाला बसून केलेल्या तीन साड्या जवळजवळ फुकट गेल्या. ती भरपाई मी माझ्या मेहनतान्यातून केली. तेव्हापासून कुठलीही फाईल चढवण्याआधी मी डोळे मिटून तीन एसकेयू निवडतो, त्यांचे डबे समोर आणायला लावतो आणि किंमत, नंबर, रंग, साठा डब्याशी ताडून बघतो. तिन्ही जुळल्याशिवाय बटण दाबत नाही. सॉर्ट करायचंच झालं तर पूर्ण तक्ता निवडून, आणि मूळ वहीत, साच्यात कधीच नाही.

अशाच मुकाट्याने जाणाऱ्या चुकांत वजन आणि मापं येतात. एका जोडीचं डब्यासकट वजन ७०० ग्रॅम असेल आणि शेजारच्या रकान्यात एकक किलोग्रॅम राहिलं, तर तुमची चप्पल सातशे किलोची झाली. इतकी मोठी चूक निदान दिसते. डब्याचं माप मात्र दिसत नाही. कुरिअर जागेचंही वजन धरतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. ३३ × २० × ११ च्या डब्याचं उत्तर येतं १.४५ किलो. म्हणजे खरं वजन ७०० ग्रॅम असूनही वाहतुकीचा हिशेब जवळपास दीड किलोवर होतो. निपाणीत मिळणारा बुटाचा तयार डबा चपलेला फार मोठा पडतो. चपला एकमेकींत उलटसुलट ठेवून उंची ११ वरून ७ वर आणता आली तर तोच हिशेब ०.९२ किलोवर येतो. फाईल भरण्याआधी डबा ठरवा, नाहीतर किंमतीचं गणितच चुकेल.

किंमतीत नुसता आकडा हवा, `1499`. स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह, ‘/-’ काही नको. विक्रीची किंमत एमआरपीपेक्षा जास्त चालत नाही, आणि एमआरपी तीच जी डब्यावर छापली आहे, सर्व करांसहित. एचएसएन म्हणजे जीएसटीसाठी मालाचा गट सांगणारा कोड, त्या रकान्यात चामड्याच्या चपलेसाठी ६४०३ येतं. चामड्याचा तळ आणि पायावर व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असं वर्णन असलेला ६४०३२० हा उपगट आपल्या चपलेला नेमका बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी पाच टक्के, त्यावर अठरा. तळाला रबर लावत असाल तर उपगट बदलतो, ते तुमच्या सीएंना चप्पल दाखवून विचारा, तोंडी वर्णनावर नको.

आपल्या सीमाभागाची म्हणून दोन गोष्टी. पहिली, पत्ता. जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो तो कर्नाटकचा, २७ ने तो महाराष्ट्राचा. निपाणीच्या बऱ्याच जणांचा माल कागल किंवा कोल्हापुरातून कुरिअरला जातो म्हणून ते पाठवण्याचा पत्ता तिकडचा देतात आणि नंबर २९ चा. महाराष्ट्रातल्या गोदामातून माल विकायचा तर तिथली वेगळी नोंदणी लागते. नुसतं कुरिअरच्या सोयीसाठी पत्ता बदलू नका. जिल्ह्याचं नावही जीएसटीच्या कागदावर जसं आहे तसंच लिहा. २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव `Belagavi` झालं, पण जुन्या कागदांवर `Belgaum` असतं आणि खात्यात एक, फाईलमध्ये दुसरं असं झालं की पडताळणीत वेळ जातो.

दुसरी, नाव. काहीजण विचारतात, अथणीची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून कशी लिहायची, कुणी हरकत घेईल का. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांसोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर यांनाही आहे. मामांची चप्पल हातची आणि अस्सल चामड्याची आहे, तेव्हा ते नाव त्यांच्या हक्काचं आहे. मानांकनाचा शिक्का लावायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून त्यांची नोंदणी करून घ्या. मटेरियलच्या रकान्यात `Leather` लिहिताना मात्र पाचही डिझाईन तपासा. एखाद्याच्या पट्ट्यात रेक्झिन असेल तर त्या डिझाईनला ते लिहायचं, आणि तिथे कोल्हापुरी हा शब्द वापरायचा नाही.

नाव आणि वर्णन इंग्रजीत द्या, बहुतेक साचे तेच धरतात. वर्णनात मराठी शब्द देवनागरीत घालायचाच असेल तर फाईल `CSV UTF-8` म्हणून साठवा. साध्या सीएसव्हीत ‘कापशी’चं `?????` होतं. साच्याने स्वतःच्याच एक्सेल स्वरूपात अपलोड करू दिलं तर सीएसव्ही करूच नका, निम्म्या भानगडी तिथेच टळतात.

तर आता असं करा. रविवारी अथणीला जाऊन मोजमाप आणि मूळ वही. बारकोडच्या सुटीचा अर्ज त्याच दिवशी. सूट आल्यावर ताजा साचा उतरवून फक्त कापशीच्या अकरा ओळी भरा आणि सगळ्या जोड्यांचा साठा शून्य ठेवून चढवा, म्हणजे काही चुकलं तरी ऑर्डर येणार नाही. आधी गेलेल्या त्या नऊ सुट्या चपला अजून चालू असतील तर त्यांचाही साठा आजच शून्य करा. अकरा ओळी हिरव्या झाल्या की मोबाईलवरून गिऱ्हाईकासारखं पान उघडा: एकाच चपलेखाली दोन रंग आणि पाच नंबर दिसतात का, रंग बदलला की फोटो बदलतो का, किंमत बरोबर आहे का. सगळं जुळलं की साठा भरा आणि मग बाकीची चार डिझाईन घ्या. काही अडलं तर रिपोर्टमधली पेरेंटची ओळ आणि तिचा पहिला एरर जसाच्या तसा इथे लिहा, खात्याचा नंबर झाकून. मी रोज संध्याकाळी सातनंतर बघतो.